जुने कागद आणि एकच भेट

भाची पीजीच्या परीक्षेला बसतेय. परवा रात्री तिचा फोन आला. "मावशी, पीएसएमचे स्टडी डिझाइनवाले प्रश्न परत चुकले गं." हा विषय मी कधीकाळी शिकवायचे, त्यामुळे मला सगळं पाठ असणार असा तिचा समज (गोड गैरसमज!). तरी बसून तीन प्रश्न लिहिले आणि पाठवले.

पहिला असा. एका कारखान्यात १९८० ते १९८५ मध्ये लागलेल्या ६०० कामगारांच्या नोंदी २०२० साली काढल्या. २०० जण अ‍ॅस्बेस्टॉसच्या खात्यात होते, ४०० इतर खात्यांत. पुढच्या वर्षांत पहिल्यांपैकी २० जणांना फुप्फुसाचा आजार झालेला दिसला, दुसऱ्यांपैकी १० जणांना.

तिचं उत्तर: केस-कंट्रोल. का? "जुने कागद उपसलेत ना, म्हणजे मागे वळून बघितलं."

इथेच सगळे फसतात. कागद जुने आहेत, पण गट कशावरून पाडले? खात्यावरून. आजार नंतर मोजला. म्हणून हा कोहोर्टच, फक्त रेट्रोस्पेक्टिव्ह. आणि म्हणूनच १० टक्के विरुद्ध अडीच टक्के, म्हणजे चौपट धोका, असं सरळ म्हणता येतं.

दुसरा. फुप्फुसाच्या कॅन्सरचे १५० रुग्ण आणि कॅन्सर नसलेले १५० रुग्ण घेतले, प्रत्येकाला एकदाच भेटून सिगारेटबद्दल विचारलं. ती म्हणाली, क्रॉस-सेक्शनल. एकदाच भेटलेत म्हणून! पण इथे माणसं निवडली ती आजारावरून, म्हणून केस-कंट्रोल. यात निम्म्यांना कॅन्सर आहे, पण हे 'निम्मे' संशोधकानेच ठरवलेत. त्यावरून धोका किती टक्के ते काढता येत नाही, ऑड्स रेशोवर भागवावं लागतं.

तिसऱ्यात मी मुद्दाम खोडी काढली होती. गावातल्या चाळिशीपुढच्या ५०० जणांची साखर तपासली, त्याच वेळी चालण्याची सवय विचारली, मग मधुमेही आणि बाकीच्यांची तुलना केली. 'तुलना' वाचून बाईसाहेब पुन्हा केस-कंट्रोलवर! अगं, तुलना नंतर केली. निवडताना कोण मधुमेही ते माहीतच नव्हतं. हा क्रॉस-सेक्शनल. यात मधुमेह किती जणांना आहे ते कळतं. पण चालत नाही म्हणून मधुमेह झाला, की मधुमेह कळल्यावर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालायला लागले, ते कळत नाही.

मग तिला डॉल आणि हिल यांची गोष्ट सांगितली. १९५० साली त्यांनी छापलेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कॅन्सरचे ७०९ रुग्ण होते आणि तो नसलेले तेवढेच दुसरे. १९५१ मध्ये त्याच दोघांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून सिगारेटच्या सवयी लिहून घेतल्या आणि पुढे कोण कशाने जातं ते नोंदत राहिले. प्रश्न तोच, सिगारेटने कॅन्सर होतो का?

"पहिला केस-कंट्रोल, दुसरा कोहोर्ट," ती पटकन म्हणाली. जरा थांबून, "मावशी, पण डॉक्टरांनासुद्धा सवयी एकदाच विचारल्या असत्या तर?"

"तरी कोहोर्टच. का ते तू सांग."

उत्तर आलं नाही अजून. झोपली असावी.