डावी बाजू कुणाची?

आमच्या शाळेत ओळखपत्रांचे फोटो काढले त्या दिवशी आठवीतली एक मुलगी तापाने घरी होती. ती परत आली तोवर फोटोवाला निघून गेला होता. नवा गणवेशही शिवून यायचा होता. ओळखपत्राशिवाय बसचा सवलतीचा पास होत नव्हता, म्हणून तिच्या अम्मीने मोबाईलवर घरीच काढलेला फोटो मला पाठवला. अंगात गुलाबी कुर्ता.

मी तो स्टुडिओत नेला आणि म्हटलं, "भाई, याला शाळेचा गणवेश घाला." संध्याकाळी फोटो आला. गळ्यात मुलांच्या शर्टाची कॉलर, त्यावर टाय, आणि आमची गडद निळी कोटी पार काळी! चूक माझीच होती. "गणवेश" म्हटल्यावर त्याच्याजवळ जो तयार होता तो त्याने चढवला.

दुसऱ्या दिवशी मी वर्गातल्या एका मुलीचा गणवेश खुर्चीवर नीट मांडून, खिडकीच्या उजेडात समोरून फोटो काढला. बिल्ल्याचा फोटो जवळून, वेगळा घेतला, कारण लहान अक्षरं मोठी केली की फुटतात. मग कागदावर लिहिलं: कॉलर उभी, बोटभर उंच, समोर थोडी उघडी, टाय नाही. कमीज आकाशी, वर गडद निळी कोटी, पांढरी ओढणी दोन्ही खांद्यांवर पिन लावून छातीवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी. आकाशी रंग फक्त बाह्यांवर आणि गळ्याशी दिसावा. बिल्ला कोटीवर, ओढणीच्या कडेखाली, डावीकडे.

इथेच त्याने विचारलं, "सर, डावीकडे म्हणजे तिच्या की माझ्या?" उजवीकडून डावीकडे लिहायला शिकवणारा मी, क्षणभर अडलो. बिल्ला घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर असतो, म्हणजे फोटो बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. मी तसं लिहून दिलं.

तरी एक गोष्ट राहिली होती. मुलीच्या मागे भिंतीवर उर्दू कॅलेंडर होतं, आणि त्याची अक्षरं उलटी! मोबाईलच्या समोरच्या कॅमेऱ्याने फोटो आरशासारखा पलटला होता. तिच्या गालावरचा तीळही चुकीच्या बाजूला आला होता. म्हणून चेहरा आधी सरळ करून घ्यायला लावला, मग कपडे. गणवेश चढवून सगळाच फोटो पलटला असता तर बिल्लाच उलटा झाला असता.

शेवटी मानेजवळ पाहिलं. कॉलरची सावली चेहऱ्यावरच्या उजेडाशी जुळत नसेल तर डोकं वरून चिकटवल्यासारखं दिसतं. चेहऱ्याचा रंग उजळायला मात्र मी साफ नकार दिला. बोर्डाच्या फॉर्मसाठी असा फोटो वापरायचा नाही, हेही तिच्या अम्मीला सांगितलं. तिथे खराच फोटो हवा.

ओळखपत्र हातात घेऊन मुलगी म्हणाली, "सर, हा गणवेश तर मी घातलाच नाही!" मी म्हटलं, "पण तीळ तुझाच आहे ना, बेटा?"