मस्त पोस्टर

वणीत कापसाच्या फवारणीचे दिवस सुरू झाले होते. एका कृषी केंद्राचे मालक माझ्या डिझाइनच्या दुकानात आले आणि म्हणाले, "भाऊ, फवारणीच्या काळजीचं एक मस्त पोस्टर करून द्या." मजकूर त्यांनी व्हॉट्सॅपवर पाठवला होता. त्यात वीस-बावीस सूचना होत्या आणि पहिलीच होती, 'सुरक्षेच्या सर्व नियमांचे काटेकोर पालन करावे.'

2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्यामुळे हे काम नुसतं सजवून देणं मला जमणार नव्हतं. मी विचारलं, "काका, हे वाचून माणसानं नेमकं काय करायचं?" ते म्हणाले, काळजी घ्यायची. "पण तुमच्या दुकानात उभ्या उभ्या काय करायचं?" थोडा विचार करून ते म्हणाले, "औषधासोबत हातमोजे अन् मास्क न्यावा. कोणी मागतच नाही."

मग मी विचारलं, औषध नेतो कोण आणि फवारतो कोण? नेतो बहुतेक शेतमालक, फवारतो मजूर. तो मजूर दुकानात येतच नाही. म्हणजे भिंतीवरचं पोस्टर मालकासाठी आणि एकच गोष्ट सांगणारं. फवारणाऱ्याच्या सूचना बाटलीसोबत पिशवीत जाणाऱ्या छोट्या कागदावर. त्यावर मी हे ठळक घेतलं: मळमळलं, गरगरलं तर फवारणी थांबवा, कपडे काढून अंग साबणानं धुवा, 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. कोणतं विष अंगात गेलं यावर उपचार ठरतो, म्हणून बाटली हवी.

पोस्टर लागणार होतं काउंटरमागे, गिऱ्हाइकापासून आठ-दहा फुटांवर. तिथून सहज वाचायला अक्षर इंचभर तरी उंच लागतं. वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे एका ओळीला जवळपास दोन इंच जातात. बारा बाय अठराच्या कागदावर अर्धी जागा चित्राला दिली की चारच ओळी उरतात. म्हणून मजकूर झाला: 'औषध घेतलं? हातमोजे, मास्क पण घ्या.'

काकांना शेतीचा म्हणून हिरवा रंग हवा होता. मी बाटलीच दाखवली. तिच्यावरच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. तोच हिरवा सगळ्या पोस्टरभर पसरला तर धोका कमी असल्यासारखं वाटेल. पांढऱ्यावर काळी अक्षरं ठरली.

छापण्याआधी साधी प्रिंट काकांच्या दुकानात भिंतीला चिकटवली आणि आलेल्या एका गिऱ्हाइकाला विचारलं, चित्रात काय दिसतं? ते म्हणाले, "हात." हातमोजा कळत नव्हता, म्हणून तो कोपरापर्यंत गडद निळा केला, वर बाही दाखवली. दुसऱ्या गिऱ्हाइकानं मी काही बोलायच्या आधीच हातमोज्याची किंमत विचारली, मग पोस्टर छपाईला दिलं.