कस्टम्सचा दर आणि बँकेचा दर

दिरहम १९९७पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे अमिरातीत आयातशुल्क आकारताना विनिमय दराचा प्रश्नच येत नाही, असा समज आहे. डॉलरमधल्या बीजकापुरता तो खरा आहे. पण जेबेल अलीत उतरणारी जपानी यंत्रे येनमध्ये आणि जर्मन सुटे भाग युरोमध्ये येतात. ही चलने डॉलरसमोर हलतात, म्हणजे दिरहमसमोरही हलतात. मग प्रश्न उरतो तो कोणाचा आणि कोणत्या दिवसाचा दर धरायचा, हा. जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन कराराचे नववे कलम सांगते की दर आयात करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला असावा आणि त्या काळातल्या व्यापारी व्यवहारांशी शक्य तितका जुळावा. निर्यातीच्या वेळचा दर घ्यायचा की आयातीच्या वेळचा, हे मात्र प्रत्येक देशाने ठरवायचे. भारतात महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी दर जाहीर होतात आणि बिल ऑफ एंट्री सादर केल्याच्या दिवशी लागू असलेला दर चालतो.

आयातदाराचा नेहमीचा आक्षेप असा, की बँकेने मला ज्या दराने येन विकले तोच माझा खरा खर्च, मग तोच का धरत नाहीत? आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण उधारीवर घेतलेल्या मालाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी चुकते होतात आणि शुल्क मात्र माल सोडवतानाच ठरवावे लागते. शिवाय एकाच दिवशी आलेल्या एकाच मालावर, केवळ बँक वेगळी म्हणून, दोघांनी वेगळे शुल्क भरावे याला आधार नाही. बँकेशी केलेला फॉरवर्ड करार हा पैशाचा व्यवहार आहे, मालाच्या किमतीचा भाग नाही. म्हणून दर अगदी अचूक नसला तरी चालेल, तो सर्वांना आधी कळलेला आणि सर्वांना सारखा असणे मला जास्त मोलाचे वाटते.

याला एक दुसरी बाजू आहे, आणि ती अनेकांच्या नजरेतून सुटते. समजा, एक कोटी येनचे यंत्र आहे, वाहतूक आणि विमा त्यातच धरलेला आहे, आणि प्रसिद्ध दर एका येनला ०.०२४५ दिरहम आहे. मूल्य २,४५,००० दिरहम आणि पाच टक्क्यांनी शुल्क १२,२५० होते. आता विक्रीकरारातच लिहिले असेल की रक्कम दिरहममध्ये, ०.०२६ या ठरलेल्या दराने चुकती करायची, तर मूल्य २,६०,००० आणि शुल्क १३,००० होते. इथे प्रसिद्ध दर लागतच नाही. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या मूल्यांकनविषयक तांत्रिक समितीचे सल्लागार मत २०.१ हेच सांगते: आयात देशाच्या चलनात रक्कम फेडायची असेल, तर मुळात रूपांतराची गरजच नाही. हा नियम दोन्ही बाजूंनी चालतो. ठरलेला दर बाजारापेक्षा कमी असेल तर शुल्कही कमी बसते आणि अधिकाऱ्याला संशय येतो. तो फेडायचा तर बीजकावरचे चलन पुरेसे नाही. करारातले फेडीचे कलम आणि पैसे प्रत्यक्ष कोणत्या चलनात गेले ते दाखवणारा बँकेचा कागद एकत्र ठेवावा लागतो. पैसे येनमध्ये गेले असतील तर ते कलम कागदावरच राहते आणि प्रसिद्ध दर पुन्हा लागू होतो.