समोरच्याचं पहिलं वाक्य ऐका

नव्या टीम लीडना फीडबॅक द्यायला शिकवणं हे माझं काम. वर्गात मी एकच चौकट शिकवते: परिस्थिती, वर्तन, परिणाम. अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो इथल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या संस्थेने ती रूढ केली. कुठे आणि केव्हा घडलं, त्या माणसाने नेमकं काय केलं किंवा काय म्हटलं, आणि त्यामुळे काय झालं, एवढंच तीन-चार वाक्यांत सांगायचं. चौकट पाच मिनिटांत समजते. वापरताना मात्र बहुतेकांची गाडी मधल्या पायरीवर, म्हणजे वर्तनावर, अडते.

एका सॉफ्टवेअर टीममधला प्रसंग घेऊ. क्लायंटबरोबरच्या कॉलनंतर लीड आपल्या अनुभवी डेव्हलपरला म्हणाली, “तू कॉलमध्ये फार उद्धटपणे वागतोस.” तो लगेच म्हणाला, “मी उद्धट नाहीये, मी स्पष्ट बोलतो.” पुढचा अर्धा तास त्याच्या स्वभावावर वाद झाला आणि कॉलमध्ये काय घडलं ते बाजूलाच राहिलं.

‘उद्धट’ हे वर्तन नव्हे, तो लीडने काढलेला निष्कर्ष आहे. माझी कसोटी साधी आहे: कॉलचं रेकॉर्डिंग लावलं तर ही गोष्ट त्यात दिसेल किंवा ऐकू येईल का? उद्धटपणा रेकॉर्ड होत नाही. मध्येच तोडलेलं वाक्य रेकॉर्ड होतं. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्दही या कसोटीत टिकत नाहीत.

आम्ही तेच बोलणं पुन्हा बांधलं. “काल सकाळच्या क्लायंट कॉलमध्ये रिलीजच्या तारखेवर बोलणं चाललं होतं. आपली टेस्टर पेमेंट स्क्रीनबद्दल सांगत असताना तू तीनदा मध्ये बोललास, आणि शेवटी ‘हे नंतर बघू’ म्हणालास. त्यानंतर ती कॉलमध्ये बोललीच नाही. त्या स्क्रीनवरचा दोष मला संध्याकाळी तिच्या मेलमधून कळला, आणि क्लायंटला कबूल केलेली तारीख मला बदलून मागावी लागली.” एवढं बोलून लीडने थांबायचं. मग एकच प्रश्न: “तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?” हेतू विचारण्याची ही पायरी त्याच संस्थेने पुढे जोडली, आणि मला ती अत्यावश्यक वाटते. डेव्हलपरने सांगितलं की क्लायंटकडे अर्धाच तास होता आणि आज तारीख ठरलीच पाहिजे असं त्याला वरून बजावलं होतं. तोडगा तिथेच निघाला: पुढच्या कॉलमध्ये टेस्टिंगची स्थिती आधी, तारीख नंतर.

कामात बुडालेल्या लीडने समोरच्याचं पहिलं वाक्य नीट ऐकावं. आपली कोणती पायरी कच्ची राहिली ते त्यातून कळतं. “कधी? कुठल्या कॉलमध्ये?” असं उत्तर आलं तर परिस्थिती सांगायची राहिली आहे. “मी तसा नाही” म्हणजे वर्तनाच्या जागी शिक्का बसला. “एवढं काही झालं नाही” म्हणजे परिणाम फुगला आहे. ‘सगळी टीम नाराज आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर दोघंच बोललेले असतात. परिणाम स्वतः पाहिलेला, स्वतःला भोगावा लागलेला तेवढाच सांगावा.

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये फीडबॅकवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. एक तृतीयांशाहून अधिक वेळा फीडबॅकनंतर काम सुधारण्याऐवजी घसरलेलं त्यांना आढळलं. लक्ष कामावरून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की परिणामकारकता कमी होते, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. म्हणूनच मधल्या पायरीवर मी इतकी अडून बसते.

कौतुकालाही हीच चौकट लावा. “छान काम केलंस” यातून पुन्हा काय करायचं ते कळत नाही. “परवा सर्व्हर बंद पडला तेव्हा तू दर पंधरा मिनिटांनी ग्रुपवर स्थिती टाकत होतास, त्यामुळे मला सपोर्टच्या लोकांना अंदाज देता आला,” यातून कळतं. वयाने मोठ्या सहकाऱ्याशी बोलताना तरुण लीड संकोचून मोघम बोलतात. तिथेही ‘तुम्ही’ म्हणून हेच तीन भाग एकांतात सांगता येतात. नेमकेपणाने मान कमी होत नाही.

वेळ नाही ही तक्रार खरी आहे. मीटिंग संपताच फोनमध्ये दोन ओळी लिहून ठेवा: काय ऐकलं, काय झालं. बोलणं शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत उरका, आणि चॅटवर नको. चॅटमध्ये हीच वाक्यं आरोपपत्रासारखी वाचली जातात आणि हेतू विचारायचा राहून जातो.

ऐकीव गोष्टींवर ही चौकट वापरू नका. ज्याने पाहिलं त्यालाच बोलायला सांगा. आणि लैंगिक छळाची तक्रार असेल तर लीडने ती अशा बोलण्यातून मिटवायचा प्रयत्नच करू नये. त्यासाठी 2013 च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती आहे. तक्रार करणाऱ्या व्यक्तीला तिथली वाट लगेच दाखवावी.