सकाळची हजेरी

आमच्या मंठाळ गावात लहानपणी सकाळी कोणी कोणाला शुभेच्छा देत नसे. पारावरून जाणारा 'रामराम' म्हणायचा, लिंगायत घरातली माणसं 'शरणु' म्हणायची, मशिदीकडून येणाऱ्याला सलाम व्हायचा आणि कन्नड बोलणारे शेजारी दुपार कलली की 'ऊट आत्री?' विचारायचे. उत्तर ठरलेलं असायचं. तरी म्हातारी माणसं त्या उत्तराकडे कान लावून असत. रोज खणखणीत रामराम घालणाऱ्याचा आवाज बारीक आला, की आजोबा संध्याकाळी त्याच्या दारावरून चक्कर मारून यायचे.

मलिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये अशा बोलण्यावर लिहिलं आहे. काही बोलणं माहिती देण्यासाठी नसतंच, माणसं एकमेकांशी बांधलेली राहावीत म्हणून असतं, असं त्याचं म्हणणं. न्यू गिनीजवळच्या बेटांवर राहून आल्यावर त्याने ते मांडलं. आमच्या पारावर बसला असता तरी त्याला तेच दिसलं असतं.

काका नोकरीसाठी सोलापूरला गेले आणि हाच रामराम कागदावर आला. पंधरा पैशांच्या कार्डावर 'इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे' एवढंच असायचं. दर वेळी तेच वाक्य, पण आजी ते मला दोनदा वाचायला लावायची. कार्ड पोचेपर्यंत चार-पाच दिवस गेलेले असत. म्हणजे ती खुशाली शिळी असायची, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसायची. काकांनी चार दिवसांपूर्वी बसून आपलं नाव लिहिलं होतं, तेवढं आजीला पुरायचं.

मोबाईल आल्यावर पुण्याला उतरलो की मी घरी दोन रिंगा देऊन फोन तोडायचो. पैसे पडत नसत, निरोप पोचायचा. इतका काटकसरी आणि इतका नेमका निरोप मी त्यानंतर पाहिला नाही.

मग एसएमएसची पॅक आली आणि निरोप जवळजवळ फुकट झाले. माझं लग्न ठरलं ते याच काळात. सकाळी आणि रात्री एकेक एसएमएस जायचाच. सणाच्या दिवशी कंपन्या पॅक बंद ठेवून पूर्ण दर लावायच्या, तेव्हा होणाऱ्या बायकोला दिवाळीच्या शुभेच्छा आदल्या रात्रीच मिळायच्या. २०११ मध्ये जाहिरातींचा सुळसुळाट रोखायला ट्रायने दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली आणि त्याच वर्षी ती दोनशेवर नेली. शंभर कमी पडतात अशी ओरड झाली होती, यावरूनच काय ते समजावं.

त्या काळात एक गोष्ट मला कळली ती अशी, की 'गुड नाईट' हा 'गुड मॉर्निंग'पेक्षा जास्त अवघड निरोप आहे. सकाळचा निरोप दिवस उघडतो, त्यातून काही सिद्ध करावं लागत नाही. रात्रीच्या निरोपात मात्र आता मी झोपतो आहे, असा एक दावा असतो. एसएमएसमध्ये तो तपासायची सोय नव्हती. व्हॉट्सॲपने 'लास्ट सीन' दाखवायला सुरुवात केली आणि दुकानाचं शटर ओढून आत हिशोब करत बसलेल्यासारखी माणसाची गत झाली. अकराला गुड नाईट म्हणालास, मग पावणेबाराला कोणाशी बोलत होतास? कलबुर्गीच्या हॉस्टेलवर असताना माझ्या भाचीच्या मैत्रिणींमध्ये यावरून रडारड चाले. रात्रीचा निरोप न पाठवता झोपलं तर सकाळी खुलासा द्यावा लागे. लास्ट सीन लपवता येतं, पण मग दुसऱ्याचं आपल्यालाही दिसत नाही आणि लपवलंस का, हा नवा प्रश्न उभा राहतो. गुड नाईटनंतर खुलासा मागणारा माणूस जवळ येत नसतो, पहारा देत असतो. मुलींना हे मी स्पष्ट सांगतो.

आमच्या घरात या प्रकाराची दोन टोकं एकाच वेळी नांदली.

एक टोक म्हणजे घराण्याचा ग्रुप. सोमवारी महादेव, गुरुवारी गाणगापूरच्या पादुका, शनिवारी मारुती, रविवारी खंडोबा, आणि खाली एकेकाचे जोडलेले हात. एकाच सूर्योदयाचं चित्र तिघांकडून यायचं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एकाच वेळी २५६ जणांना निरोप धाडता येतो, तेव्हा आपण त्या गर्दीत कितव्या नंबरवर आहोत हेही कळत नाही. गूगलने २०१७ च्या अखेरीस फोन साफ करणारं एक ॲप काढलं, त्यामागे भारतातल्या या सकाळच्या चित्रांनी भरलेले फोन हेही कारण होतं. फोन भरणं मला सोसलं असतं. त्रास झाला तो हजेरीचा. निळ्या खुणा सेटिंगमध्ये बंद करता येतात, पण ग्रुपमध्ये ती मुभा चालत नाही. आपण पाठवलेल्या निरोपावर बोट दाबून माहिती उघडली की कोणी वाचलं ते दिसतंच. एका वडीलधाऱ्यांनी ते पाहायची सवय लावून घेतली आणि वाचून हात न जोडणाऱ्या सुनांची नावं लग्नाच्या मांडवात घेतली. त्यानंतर सगळ्यांचे हात रोज न चुकता जोडले जाऊ लागले, आणि एका भावजयीच्या माहेरी दुखवटा असल्याचं आम्हाला उशिरा कळलं. त्या दिवशीही तिने हात जोडलेच होते.

दुसरं टोक म्हणजे आई. वडील गेल्यावर ती मंठाळलाच राहिली. अण्णा हैदराबादला, अक्का कलबुर्गीला, मी पुण्यात. आईला टाइप करता येत नाही. पहाटे पाण्याचं बघून झालं की ग्रुपमधलंच एखादं फूल उचलून ती आम्हा तिघांना वेगवेगळं पाठवते. मी उलट फूल पाठवतो. ती म्हणते, "तुझं आल्याबिगर मी च्या ठिवत न्हाय." यात थोडी धमकी आहे, पण ती मला आवडते.

जपानमध्ये २००१ साली झोजिरुशी कंपनीने एक चहाची किटली काढली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने ती वापरली की तशी खबर दूरच्या मुलांना जाते. आईचं फूल त्याच जातीचं आहे, फक्त ते ती स्वतः पाठवते.

एका सकाळी फूल आलं नाही. मी पाठवलेल्या फुलावर एकच करडी खूण राहिली. एक खूण म्हणजे निरोप आपल्याकडून निघाला, तिच्या फोनवर उतरला नाही. दोन करड्या म्हणजे फोन चालू आहे, तिने पाहिलं नाही. घाबरायचं असलं तर दोन करड्यांना जास्त घाबरावं, कारण एका खुणेमागे बहुतेक वेळा वीज, रेंज किंवा संपलेला रिचार्ज असतो. तरी आठ वाजता मी अक्काला फोन केला, अक्काने शेजारच्या काकूंना. काकू अंगणातून ओरडल्या, आतून आई ओरडली. रिचार्ज संपला होता. आईला फोन बंद पडल्याचा पत्ताही नव्हता. त्यानंतर चौऱ्याऐंशी दिवसांचा रिचार्ज अक्काच कलबुर्गीहून मारते.

पुढे एकदा मंगळवारी फुलाऐवजी शनिवारचा मारुती आला, बुधवारीही तोच. अण्णा म्हणाले, तिला वाराचं कळेना झालंय की काय. विचारलं तेव्हा निघालं डोळ्याचं. चित्रावरची अक्षरं तिला दिसत नव्हती. मोतीबिंदू होता, ऑपरेशन झालं. फोनवर ती रोज "बरं हाय" म्हणतच होती.

ग्रुपवर मी आता हात जोडत नाही. मांडवात माझंही नाव निघत असेल, निघो. ज्या निरोपाचा खाडा पडल्यावर कोणी उठून चौकशीला जाणार नाही, तो पाठवायची आणि त्याला उत्तर द्यायची सक्ती कोणावर नसावी, एवढं माझं मत आहे.

आणि गावी एकट्या असलेल्या कोणाचं फूल तुम्हाला रोज येत असेल, तर ते न आल्यास फोन कोणाला करायचा, तो शेजारच्या घराचा नंबर आजच घेऊन ठेवा. भावंडांनाही देऊन ठेवा.