चिठ्ठी परत डब्यात टाकली तर...

आज एक माझीच फजिती सांगतो. त्यातले गणित तुमच्या संभाव्यतेच्या प्रकरणातलेच आहे.

तोंडी परीक्षेसाठी मी दहा प्रश्नांच्या दहा चिठ्ठ्या करून डब्यात टाकल्या होत्या. चार-चार मुलांचे गट. प्रत्येकाने चिठ्ठी काढायची, क्रमांक सांगायचा, चिठ्ठी परत डब्यात टाकायची आणि उत्तर द्यायचे. वर्गात ४० मुले, म्हणजे १० गट. त्यातल्या ६ गटांत कुणाला ना कुणाला गटातल्याच दुसऱ्याचा प्रश्न आला. दुसऱ्या दिवशी एक पालक आले. म्हणाले, "सर, माझ्या मुलीचं उत्तर ऐकून पुढच्यानं तेच सांगितलं. दहा प्रश्न, मुलं चारच, मग एवढ्या वेळा तोच प्रश्न कसा येतो? चिठ्ठ्यांत काही गडबड तर नाही ना?"

मी "योगायोग हो" म्हणालो खरा, पण मलाही ते पटले नव्हते. रात्री कागद घेऊन बसलो.

आधी नमुना अवकाश. पहिल्याची चिठ्ठी दहापैकी कोणतीही, दुसऱ्याची दहापैकी, तिसऱ्याची, चौथ्याचीही तसेच. एकूण १० × १० × १० × १० = १०,००० क्रमवार याद्या, आणि सगळ्या समसंभाव्य.

आता "निदान दोघांना एकच प्रश्न" या घटनेत किती याद्या? मी घाईत असे केले: चार मुलांच्या जोड्या ६. जोडीचा प्रश्न १० प्रकारे, उरलेल्या दोघांचे १० × १०. म्हणून ६ × १,००० = ६,०००. उत्तर देखणे आहे, पण चूक आहे. ७, ७, ७, २ ही यादी बघा. तिच्यात जुळणाऱ्या जोड्या तीन, म्हणून ती तीनदा मोजली गेली. ७, ७, २, २ दोनदा, आणि चौघांना ७ आला तर ती यादी सहा वेळा!

म्हणून उलट बाजूने या. पूरक घटना घ्या: चौघांचे प्रश्न वेगवेगळे. इथे एकच प्रकार आहे, त्यामुळे दुहेरी मोजणीला जागाच नाही. पहिल्याला १० पर्याय, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८, चौथ्याला ७. हा उतरता गुणाकार १० × ९ × ८ × ७ = ५,०४०. उरल्या १०,००० − ५,०४० = ४,९६० याद्या. संभाव्यता ०.४९६, म्हणजे जवळजवळ निम्मी! दहा गटांत पाचेक वेळा असे व्हायचेच. सहा झाले यात नवल काहीच नाही.

विश्वास बसत नसेल तर सरळही मोजून बघा. नेमकी एक जोडी ४,३२०, दोन जोड्या २७०, तिघे सारखे ३६०, चौघे सारखे १०. बेरीज ४,९६०. (मी हे दोनदा केले. पहिल्यांदा दोन जोड्या ५४० आल्या होत्या. त्या का निम्म्या करायच्या ते तुम्ही शोधा.)

इथे हुशार मुलेही एका ठिकाणी घसरतात. "क्रम कशाला हवा सर? कोणते चार प्रश्न आले एवढंच बघू." तसे बघितले तर एकूण ७१५ प्रकार होतात आणि त्यात चारही वेगळे असलेले २१०. भागाकार ०.२९. मग जुळण्याची संभाव्यता ०.७१? नाही. ते ७१५ प्रकार समसंभाव्य नाहीत. "१, २, ३, ४" हे प्रश्न चौघांत २४ प्रकारे वाटले जातात, "७, ७, ७, ७" फक्त एकाच प्रकारे. २१० ला २४ ने गुणा, आपले ५,०४० परत मिळतील. वर क्रम मोजला तर खालीही मोजायचा.

त्या पालकांना मी हा कागद दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे चिठ्ठ्या ठीक होत्या, पद्धत चुकली."

बरोबर होते त्यांचे. पुढच्या सत्रात चिठ्ठी बाहेरच ठेवायची ठरवली. लगेच एक मुलगा उठला, "सर, मग शेवटच्याला निवडायला कमी उरणार, त्याच्यावर अन्याय!" फळ्यावर मांडले. चौथ्याला सातवा प्रश्न यायचा तर आधीच्या तिघांना तो येता कामा नये: ९/१० × ८/९ × ७/८, आणि मग उरलेल्या सातांतून तोच निघाला पाहिजे, १/७. काटाकाटी केली की उरते १/१०. पहिल्याचीही तेवढीच. मुलगा खाली बसला, पण चिठ्ठी काढायला पहिला नंबर मात्र त्यानेच लावला.