शनिवार, रविवार आणि दाजींचा प्रश्न

गेल्या पास्काच्या सणानंतरची गोष्ट. रविवारच्या मिस्साहून परतलो तो ओट्यावर दाजी बसलेले. दाजी म्हणजे माझ्या आतेबहिणीचे यजमान. वडीगोद्रीत आमची घरे एकमेकांना लागून आहेत, आणि सणावारी दोन्ही घरांची चूल एकच असते. परंतु चार वर्षांपूर्वी दाजींनी आपले कुटुंब शनिवार पाळणाऱ्या एका मंडळीत नेले. त्यांची वृद्ध आई मात्र आमच्याबरोबर रविवारीच येते. एकाच घरात दोन वार झाले, आणि तेव्हापासून त्या माउलीच्या ताटाभोवती सारे कुटुंब एकत्र बसलेले मी फारसे पाहिले नव्हते.

दाजींनी मला बसूही दिले नाही. म्हणाले, "मास्तर, तुम्ही शाळेत मुलांना दहा आज्ञा शिकविल्या. सातवा दिवस पवित्र पाळ, असे देवाने सांगितले. सातवा दिवस शनिवार. मग हा रविवार तुम्हांला कुणी दिला? रोमच्या बादशहाने की पोपने?"

याच प्रश्नाला मी पूर्वी वर्गात उत्तर देत असे की, ख्रिस्तसभेने शब्बाथ शनिवारवरून रविवारवर आणला. मुले मान डोलावीत. त्या दिवशी दाजींसमोर तेच वाक्य ओठांवर आले आणि तिथेच अडखळले. देवाने नेमलेला दिवस एखादी सभा उचलून दुसरीकडे ठेवते, असे म्हटले की दाजींचा अर्धा वाद आपणच जिंकून दिल्यासारखे होते. मी त्यांच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली.

त्या आठ दिवसांत जे वाचले, त्यातून माझी पहिली चूक माझ्या ध्यानी आली. शब्बाथ हलविला गेलाच नाही. तो आजही शनिवारीच आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत. रविवार हा त्याच्यानंतरचा, निराळ्या कारणाने उभा राहिलेला दिवस आहे. शुभवर्तमानकारांनी ते किती जपून लिहिले आहे पाहा. लूक सांगतो की, येशूला कबरेत ठेवल्यावर त्या स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथभर विसावा घेतला. प्रभूच्या देहाची ओढ असतानाही त्या थांबल्या. त्या शब्बाथी प्रभूही कबरेत विसावला होता. मग आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे त्या निघाल्या आणि त्यांना कबर रिकामी आढळली. चारही शुभवर्तमाने हा "पहिला दिवस" आवर्जून नोंदवितात.

आरंभीचे शिष्य यहुदीच होते. ते शब्बाथी सभास्थानात जात; पौलही जाई. पण भाकर मोडण्यासाठी ते आपसांत निराळे जमत. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्रोवस नगरातील असा एक मेळावा आला आहे. आठवड्याचा पहिला दिवस, रात्रीची वेळ, माडीवर पुष्कळ दिवे, आणि पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलेले. युतुख नावाचा तरुण खिडकीत डुलक्या घेत होता, तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. (आमच्या काही प्रवचनांच्या वेळी मला त्या बिचाऱ्याची आठवण होते.) ही रात्र नेमकी कोणती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. यहुदी गणनेने दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे ती आपली शनिवारची रात्र ठरते. रोमी गणनेने ती रविवारची. परंतु जमले ते रात्रीच, हे महत्त्वाचे. दिवस कामाचा असल्याखेरीज माणसे उपासनेसाठी अशी रात्र कशाला निवडतील?

येथे मला माझी आजी आठवली. तिचे माहेर गोदाकाठच्या एका खेड्यातले. तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी कचेऱ्यांना सुट्टी असे ती शुक्रवारी. रविवारी शाळा भरे, कचेरी भरे, शेताचे काम तर होतेच. फादर महिन्या-दोन महिन्यांनी येत. एरवी प्रार्थना मास्तर चालवीत. आजी सांगे, "आइतवारी आम्ही कोंबडा आरवायच्या आत प्रार्थनेला जायचो, आणि उजाडताना खुरपं घेऊन पाटलाच्या रानात." रविवारची सुट्टी तिने लहानपणी कधी पाहिलीच नव्हती, रविवार मात्र पाळला होता.

पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती माणसे नेमकी अशीच जगत होती. इ. स. 112 च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला त्यांच्याविषयी कळविले आहे. ही माणसे एका ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि पांगून नंतर पुन्हा भोजनाला एकत्र येतात, असा त्याचा आशय. त्याने वाराचे नाव दिलेले नाही. ते नाव चाळीसेक वर्षांनी रोममध्ये संत जस्टिन देतो. इ. स. 155 च्या सुमारास सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या आपल्या समर्थनग्रंथात, वाचणारा परधर्मी असल्याने, तो त्या दिवसाला "सूर्याचा दिवस" म्हणतो. आपण रविवार म्हणतो तसेच. त्या दिवशी नगरांतील व खेड्यांतील सारे एकत्र येतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. अध्यक्ष उपदेश करतो. सारे उभे राहून प्रार्थना करतात. मग भाकर, द्राक्षारस व पाणी आणले जाते, अध्यक्षाच्या उपकारस्तुतीला लोक "आमेन" म्हणतात, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी पोचवितात. शेवटी वर्गणी जमते, ती अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांच्यासाठी. वाचताना मी थबकलो. हा तर आपलाच मिस्सा! आणि रविवारच का, याची कारणेही जस्टिन देतो. एक, देवाने अंधार दूर करून सृष्टीला आरंभ केला तो पहिला दिवस हाच. दुसरे, आपला तारणारा येशू ख्रिस्त याच दिवशी मेलेल्यांतून उठला. विश्रांतीला तो रविवारचे कारण म्हणून पुढे करीतच नाही.

आता दाजींचा बादशहा. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. 321 च्या मार्च महिन्यात हुकूम काढला की, सूर्याच्या पूज्य दिवशी न्यायाधीशांनी, नगरवासीयांनी व कारागिरांनी काम थांबवावे. जस्टिनच्या लेखनानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी हे घडले. बादशहाने रविवार निर्माण केला नाही. भरत असलेल्या उपासनेच्या दिवसाला त्याने सुट्टी जोडली. आपल्याकडील सुट्टीचीही कथा अशीच निराळी. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 मध्ये, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. रविवार हा खंडोबाचा वार, हे कारणही त्या मागणीत पुढे केले गेले होते. उपासनेचा दिवस आणि सुट्टीचा दिवस या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. एकाच वारावर आल्या म्हणून आपण त्यांची गल्लत करतो.

दाजींच्या बोलण्यात तथ्य नव्हते असे मात्र नाही. चौथ्या शतकात लावदिकीया येथील धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी शनिवारी विसावा घेऊ नये, काम करावे, आणि शक्य असेल तर प्रभूच्या दिवशी विसावा घ्यावा, असा नियम केला. त्या नियमाची भाषा यहुद्यांविषयी कडवट आहे, आणि ती तशी आहे हे कबूल केले पाहिजे. इथिओपियाच्या प्राचीन ख्रिस्तसभेने दोन्ही दिवसांचा मान राखला. म्हणजे दोहोंत वैर असलेच पाहिजे असे नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातच शब्बाथचे एक जिवंत उदाहरण होते, याचे मला फार अप्रूप वाटले. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत, बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. मराठी बोलणारा, तेलाचे घाणे चालविणारा. त्यांच्याकडे फारसे ग्रंथ उरले नव्हते, परंतु शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. शेजारी त्यांना "शनिवार तेली" म्हणत. पुढे त्यांतील बहुतेक इस्राएलला गेले. ज्यांच्या जातीच्या नावातच देवाची आज्ञा मुरली होती, त्यांचा दिवस आम्ही मोडीत काढला असे कोणत्या तोंडाने म्हणावे? व्हॅटिकन धर्मसभेने 1965 मध्ये पौलाचाच आधार घेऊन सांगितले की, यहुदी देवाला प्रियच आहेत आणि देव आपली देणगी परत घेत नाही. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथही रविवार शब्बाथहून वेगळा आहे, तो शब्बाथच्या पाठोपाठ येतो आणि शब्बाथचा अर्थ ख्रिस्तात पूर्ण करतो, असेच सांगतो.

आठ दिवसांनी मी हे सारे दाजींना सांगितले. जस्टिनचा उतारा त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "उपासना जुनी आहे, हे मान्य," ते अखेरीस म्हणाले. "पण आज्ञा विसाव्याची आहे, मास्तर. अनुवाद पाच उघडा."

उघडले. निर्गमात विसाव्याचे कारण सृष्टी हे आहे. अनुवादात कारण मिसरातील गुलामी. तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासाला व दासीला विसावा मिळावा, असे तेथे आहे. बैल आणि गाढवही त्यात आले.

"तुमचा सालगडी आज कुठे आहे?" दाजींनी विचारले.

रविवार होता. मी मिस्साहून आलो होतो, आणि तो मोसंबीला पाणी देत होता. कॉन्स्टंटाइनच्या त्या हुकुमात एक सूट होती: पेरणीचा व वेलींचा हंगाम चुकू नये म्हणून शेतकऱ्यांना काम करण्याची मोकळीक. मला ती आठवली, आणि तिचा आधार घ्यावा असाही क्षणभर मोह झाला. परंतु अनुवादात ती सूट नाही.

"आणि तुमचा?" मी विचारले. दाजी हसले. त्यांच्या गड्याला ना शनिवार होता, ना रविवार.

आतून त्यांच्या आईने दोघांना जेवायला हाक मारली. ताटावर बसताना ठरले ते एवढेच की, आमच्या गड्याला रविवार आणि त्यांच्या गड्याला शनिवार, मजुरी न कापता. पाण्याच्या पाळ्या त्या दोन दिवशी एकमेकांनी बघायच्या. पहिल्या रविवारी आमच्या मोसंबीला पाणी दाजींनी दिले. शनिवारी त्यांच्या कपाशीत मी उभा होतो.